शनिवार रात्रीचं डिप्लॉयमेंट फसलं, क्लायंटला मेल लिहायचा आहे – मसुदा वाचून सांगाल का?

मेघना_र
नमस्कार. आमची सहा जणांची टीम एका वितरण कंपनीची ऑर्डर घेण्याची प्रणाली सांभाळते. शनिवारी रात्री नवीन आवृत्ती चढवताना ऑर्डरची पानं ४४ मिनिटं बंद पडली. उद्या सकाळी क्लायंटच्या ऑपरेशन्स मॅनेजरना मेल जायला हवा आणि तो माझ्या नावाने जाणार आहे. त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार मराठीतच असतो.

झालं ते असं. ठरलेली वेळ शनिवार रात्री १० ते रविवार सकाळी ८. अ‍ॅप चालूच राहील, असं आम्ही सांगितलं होतं. १०:१४ ला मायग्रेशन सुरू केलं. त्यात एकच बदल होता, `orders` टेबलात एक नवा कॉलम. डेटाबेस पोस्टग्रेस १४, टेबलात साधारण चार कोटी ओळी. तीन मिनिटांत अलर्ट आले, पानं उघडेनात. आम्ही १०:२४ ला आणि पुन्हा १०:३७ ला अ‍ॅप सर्व्हर रीस्टार्ट केले, काही फरक पडला नाही. १०:५८ ला मायग्रेशन रद्द केलं आणि सगळं लगेच चालू झालं. मग जुनी आवृत्ती परत आणली. रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा नीट झालं.

माझा मसुदा:

> नमस्कार सर,
> शनिवारी रात्री डिप्लॉयमेंटदरम्यान काही तांत्रिक अडचणींमुळे सेवेत थोडा व्यत्यय आला. टेबल खूप मोठं असल्यामुळे बदलाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. कुठल्याही ऑर्डरवर परिणाम झालेला नाही. पुढच्या वेळी आम्ही अधिक काळजी घेऊ. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

वाचताना माझं मलाच समाधान होत नाहीये. काय बदलू?

ओंकार_७
सरळ सांगतो, लेखी काही देऊच नका. फोन करा, माफी मागा, विषय संपवा. लेखी दिलेलं करारात दंडासाठी वापरतात.

मेघना_र
ओंकार, मेल पाठवायचा की नाही हा प्रश्नच नाही. करारातच दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. त्यात काय लिहायचं, एवढंच विचारतेय.

प्रसाद_बॅकएंड
कारण बरोबर वाटतंय मला. कॉलम वाढवला की पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितो. चार कोटी ओळी म्हणजे वेळ लागणारच. मेलमध्ये ओळींचा आकडा द्या, क्लायंटला पटेल.

जुना_डीबीए
प्रसाद, तुम्ही म्हणता ते डीफॉल्ट किंमत असलेल्या कॉलमला, तेही जुन्या आवृत्त्यांत खरं होतं. आवृत्ती ११ पासून स्थिर डीफॉल्ट असला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. आणि डीफॉल्टच नसेल, तर आधीही लिहिलं जात नव्हतं. मेघना, तुमच्या कॉलमला डीफॉल्ट होता का?

मेघना_र
नाही. साधा रिकामा `text` कॉलम.

जुना_डीबीए
मग हे काम काही मिलिसेकंदांचं. चार कोटी ओळी असोत की चारशे. तुमचे ४४ मिनिटं काम करण्यात गेलेले नाहीत, वाट बघण्यात गेले आहेत. मेलमध्ये ‘टेबल मोठं होतं’ लिहिलंत, तर कारणच खोटं होईल आणि त्यावरचा उपायही चुकेल. उद्या त्यांच्याकडच्या कुणा जाणकाराने तो मेल वाचला तर उत्तर देणं अवघड जाईल.

माझा अंदाज सांगतो. `ALTER TABLE` ला क्षणभरासाठी का होईना, टेबल पूर्ण मोकळं लागतं. त्याच टेबलावर कुणाचा ट्रान्झॅक्शन उघडा राहिला असेल, अगदी फक्त वाचणारा, तरी `ALTER` थांबतो. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण `ALTER` रांगेत उभा राहिला की त्याच्यामागून येणारी प्रत्येक साधी `SELECT` सुद्धा त्याच्या पाठीमागे उभी राहते. आत एक माणूस निवांत बसलाय, दारात एक जण पूर्ण खोली रिकामी व्हायची वाट बघत उभा, आणि त्याच्यामुळे मागचं कुणीच आत जाऊ शकत नाही.

कोण बसलं होतं ते पाहिलंत का? त्या वेळी हे चालवायला हवं होतं:

```sql
SELECT pid, usename, state, xact_start,
       pg_blocking_pids(pid) AS blocked_by
FROM pg_stat_activity
WHERE datname = current_database();
```

मेघना_र
हो, १०:४९ ला हेच पाहिलं. आमच्यातल्या एकाला तेव्हा सुचलं. `ALTER` ज्याच्यासाठी थांबला होता ते सेशन `report_ro` या वापरकर्त्याचं होतं, स्थिती `idle in transaction`, सुरुवात संध्याकाळी ६:४० ला. हे मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते खातं क्लायंटच्या विश्लेषकांना दिलेलं आहे. कुणीतरी रिपोर्ट काढून टूल तसंच उघडं ठेवून घरी गेलं. त्यांच्या टूलमध्ये ऑटोकमिट बंद आहे, त्यामुळे एक `SELECT` चालवली तरी ट्रान्झॅक्शन उघडाच राहतो.

म्हणून अडकले आहे. लिहिलं तर ‘तुमच्या माणसामुळे झालं’ असं दिसतं. नाही लिहिलं तर कारण अर्धवट राहतं.

रात्रपाळी
मग लिहा ना स्पष्ट! चूक त्यांची, माफी तुमची, हे काय?

जुना_डीबीए
चूक त्यांची कशी? ते खातं कुणी दिलं? उघडा राहिलेला ट्रान्झॅक्शन किती वेळ चालू द्यायचा, ही मर्यादा कुणी घातली नाही? `idle_in_transaction_session_timeout` डीफॉल्टने शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. आणि मायग्रेशनला `lock_timeout` लावणं हेही क्लायंटचं काम नव्हे. विश्लेषकाने रिपोर्ट काढला, जे त्याचं रोजचं काम आहे. रोजच्या कामाने कोलमडणारी प्रक्रिया आपली असते.

मेलमध्ये वस्तुस्थिती ठेवा: रिपोर्टिंगच्या खात्याचं एक जोडणी-सत्र उघडं होतं, अशा सत्रांना मर्यादा आम्ही लावायला हवी होती, लावली नव्हती. व्यक्तीचं नाव नको, संगणकाचा पत्ता नको.

वैदेही_प्रोजेक्ट
मी क्लायंटच्या बाजूला बसून असे मेल वाचते, म्हणून सांगते. आधी फोन करून त्यांच्या मॅनेजरना हे एकदा सांगा. तो मेल पुढे त्यांच्या वरिष्ठांना जाणार असतो. ‘रिपोर्टिंग खातं’ हा शब्द त्यांना पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचायला लागला तर ते बचावात जातात आणि बाकीचा मेल कुणी वाचतच नाही.

दुसरं, ‘थोडा व्यत्यय’ हे काढा. ४४ मिनिटं म्हणा. ज्याला ऑर्डर घालता आली नाही, त्याला तो थोडा वाटलेला नसतो.

रात्रपाळी
वेळांवरून आठवलं. आम्ही एकदा असाच खुलासा पाठवला, त्यात निम्म्या वेळा सर्व्हरच्या लॉगमधल्या म्हणजे यूटीसी होत्या आणि निम्म्या टीमच्या चॅटमधल्या. त्या हिशोबाने आम्ही बिघाड होण्याआधीच दुरुस्ती केली होती! क्लायंटने पूर्ण टाइमलाइनच नाकारली. मेघना, तुमच्या वेळा एकाच घड्याळाच्या आहेत ना, तपासून घ्या.

मेघना_र
तपासल्या, धन्यवाद. अलर्टच्या वेळा यूटीसी होत्या, त्या बदलून घेतल्या होत्याच. बाकी बरोबर आहेत.

जुना_डीबीए
आता माझी खरी काळजी. ‘कुठल्याही ऑर्डरवर परिणाम झालेला नाही’ हे वाक्य तुम्ही कशावरून लिहिलंत?

मेघना_र
ऑर्डर घालताना ग्राहकांना ३० सेकंदांनी एरर दिसत होती. त्या अर्थी ऑर्डर नोंदलीच गेली नाही. आणि १०:५८ नंतरच्या नोंदी मी पाहिल्या, सगळ्या ठीक आहेत.

जुना_डीबीए
अ‍ॅपने हात सोडला म्हणून डेटाबेसनेही सोडला, असं होत नाही. लॉकची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसला समोरची जोडणी तुटल्याचं कळतच नाही. ड्रायव्हरने रद्द करायचा निरोप वेगळा पाठवला नसेल, तर ती तशीच उभी राहते आणि लॉक मिळाला की `INSERT` पूर्ण करते. ग्राहकाला एरर, टेबलात ऑर्डर.

तुमचे रीस्टार्ट का उपयोगी पडले नाहीत तेही यातच आहे. अ‍ॅप सर्व्हर नवे झाले, पण डेटाबेसमधली जुनी अडकलेली कनेक्शनं तशीच राहिली आणि त्यांच्यावर नवी येऊन बसली. `max_connections` किती आहे?

मेघना_र
१००, डीफॉल्टच. दोन सर्व्हर, प्रत्येकी ३० ची पूल. म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतर जुनी ६० आणि वर नवी... हो, १०:२६ पासून लॉगमध्ये `too many clients already` दिसतंय. मला वाटलं होतं, तोच मूळ बिघाड.

जुना_डीबीए
तो परिणाम. आता ऑर्डर शोधा. ऑर्डर नोंदवताना `INSERT` एकटाच जातो की `BEGIN` च्या आत? आणि `created_at` कुठून येतो?

मेघना_र
एकटाच. ऑर्डर आणि तिच्यातला माल एकाच ओळीत जेएसऑन म्हणून जातो. `created_at` ला डीफॉल्ट `now()`.

जुना_डीबीए
मग तुम्ही चुकीच्या जागी पाहिलंत. `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो, ओळ प्रत्यक्ष लिहिल्याची नाही. १०:२० ला आलेला `INSERT` ३८ मिनिटं थांबून १०:५८ ला लिहिला गेला, तरी त्याच्यावर १०:२० च दिसेल. त्यामुळे १०:५८ नंतरच्या नोंदी स्वच्छच दिसणार. `ALTER` लॉक मागायला लागल्यापासून तो रद्द होईपर्यंत या टेबलात कुणाला लिहिताच येत नव्हतं. त्या काळातली `created_at` असलेली प्रत्येक ओळ संशयित आहे.

```sql
SELECT id, customer_id, created_at
FROM orders
WHERE created_at >= :alter_start
  AND created_at <  :alter_cancelled
ORDER BY created_at;
```

मेघना_र
आत्ता चालवून आले. ३१ ओळी निघाल्या. शेवटची १०:२६ ची.

जुना_डीबीए
जुळतंय. त्यानंतर कनेक्शनच मिळत नव्हतं, त्या विनंत्या दारातूनच परत गेल्या. या ३१ मध्ये दुप्पट झालेल्या किती?

मेघना_र
सात. त्याच ग्राहकाची तोच माल असलेली ऑर्डर ११ नंतर पुन्हा आहे. उरलेल्या २४ मध्ये ग्राहकाने पुन्हा प्रयत्न केलेला नाही. म्हणजे त्याला वाटतंय ऑर्डर गेलीच नाही, आणि आमच्याकडे ती मंजूर म्हणून पडली आहे. कदाचित त्याने माल दुसरीकडून घेतलाही असेल. हे मी उद्या ‘काही परिणाम नाही’ म्हणून लिहून देणार होते. हात थंड पडले माझे.

वैदेही_प्रोजेक्ट
मेघना, मेलसाठी उद्या सकाळपर्यंत थांबू नका. गोदामाचं काम सकाळी लवकर सुरू होत असेल तर या ३१ ऑर्डर आत्ता रोखायला हव्यात. फोन आत्ताच करा. खुलासा नंतर.

मेघना_र
केला. मॅनेजरनी ३१ ही होल्डवर टाकायला सांगितल्या, तशा टाकल्या. सात दुप्पट ऑर्डरींपैकी दोन रविवारी सकाळच्या गाडीत आधीच गेल्या होत्या. रिपोर्टिंग खात्याचंही त्याच फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मेलमध्ये लिहा, पण विभागाचं नाव नको.

प्रसाद_बॅकएंड
मी पहिलं चुकीचं सांगितलं, माफ करा. प्रतिबंधाबद्दल एक सुचवतो. रिपोर्टिंगला वेगळा रेप्लिका द्या, प्रश्न मुळातून जाईल.

जुना_डीबीए
प्रायमरीवरचा हा प्रश्न जाईल, हे बरोबर. पण `ALTER` चा लॉक रेप्लिकावरही पोचतो. तिथे रिपोर्ट चालू असेल तर रेप्लिका थोडा वेळ थांबतो, डीफॉल्ट ३० सेकंद, आणि मग तो रिपोर्ट रद्द करतो. विश्लेषकांना ते आधी सांगायला हवं. शिवाय रेप्लिकाचा खर्च आणि मंजुरी लागणार. जे तारखेसह नक्की करू शकता, तेच मेलमध्ये लिहा. रेप्लिका ‘विचाराधीन’ म्हणून टाकलात तर पुढच्या बैठकीत तोच विषय निघेल.

वैदेही_प्रोजेक्ट
‘अधिक काळजी घेऊ’ या वाक्याऐवजी दोन-तीन गोष्टी लिहा, ज्या झाल्या की नाही हे मला बाहेरून तपासता येईल. आणि एक प्रश्न: रविवारी सकाळी पुन्हा केलंत ते कुणाला विचारून?

मेघना_र
शनिवारी रात्री ११:४० ला मॅनेजरना मेसेज केला होता. उत्तर आलं नाही. ठरलेली वेळ सकाळी ८ पर्यंत होती, म्हणून केलं. या वेळी तीन सेकंदांचा `lock_timeout` लावला होता.

वैदेही_प्रोजेक्ट
हे मला पटलेलं नाही. एकदा बंद पडल्यावर आधीची परवानगी संपली, असं मी धरते.

जुना_डीबीए
मी धरत नाही. वेळ ठरलेली होती, कारण सापडलं होतं आणि दुसऱ्या वेळी धोका तीन सेकंदांचा होता. पण त्या तासांत ३१ ऑर्डर तशाच पडून होत्या, हे कुणाला माहीत नव्हतं. त्या दृष्टीने वैदेही म्हणतात त्यात तथ्य आहे.

मेघना_र
मेलमध्ये जसं झालं तसं लिहिते. दुसरा मसुदा:

> विषय: शनिवार रात्रीचा बिघाड – ऑर्डर सेवा ४४ मिनिटं बंद, ३१ ऑर्डरींची खात्री आवश्यक
>
> नमस्कार सर,
>
> शनिवारी रात्री १०:१४ ते १०:५८ या वेळेत ऑर्डरची पानं उघडत नव्हती आणि नवीन ऑर्डर घेता येत नव्हत्या. हा बिघाड आमच्या डिप्लॉयमेंटमुळे झाला. अ‍ॅप चालू राहील असं आम्ही सांगितलं होतं, ते पाळता आलं नाही, याबद्दल दिलगीर आहोत.
>
> आधी ऑर्डरींबद्दल. या काळात ग्राहकांना ‘ऑर्डर नोंदली नाही’ असं दिसलं, तरी ३१ ऑर्डरी प्रणालीत नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ७ ग्राहकांनी नंतर पुन्हा घातल्यामुळे दुप्पट झाल्या आहेत. दोघांचा माल रवाना झाला आहे. उरलेल्या २४ ग्राहकांना आपली ऑर्डर नोंदली गेल्याची कल्पना नसावी. रवाना झालेल्या दोन सोडून बाकी सर्व काल रात्रीपासून होल्डवर आहेत. यादी सोबत जोडली आहे. ग्राहकांना फोन आपल्याकडून जावा की आमच्याकडून, ते कृपया आज दुपारपर्यंत कळवावं. १०:२६ नंतर घातलेल्या ऑर्डरी नोंदल्या गेलेल्या नाहीत. त्या प्रयत्नांची यादी लॉगमधून काढून आज संध्याकाळी पाठवतो.
>
> कारण. ऑर्डरच्या टेबलात बदल करताना ते टेबल क्षणभर कुणीही वापरत नसावं लागतं. रिपोर्टिंगच्या खात्याचं एक सत्र संध्याकाळपासून उघडं होतं, म्हणून आमचा बदल थांबून राहिला आणि त्याच्यामागे बाकी सगळी कामं थांबली. अशी सत्रं उघडी राहणं नेहमीचंच आहे. त्यांना वेळेची मर्यादा घालणं आणि आमच्या बदलाने जास्त वाट न पाहता माघार घेणं, या दोन्ही गोष्टी आम्ही करायला हव्या होत्या. त्या केल्या नव्हत्या. आमच्या चाचणी प्रणालीवर रिपोर्टिंगचा वापर नसल्यामुळे हे चाचणीत दिसलं नाही.
>
> वेळ का लागला. पहिली ३५ मिनिटं आम्ही चुकीच्या दिशेने शोधत होतो. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केले; पहिल्या रीस्टार्टने परिस्थिती आणखी बिघडली, दुसऱ्याचा उपयोग झाला नाही. खरं कारण १०:४९ ला सापडलं.
>
> दुरुस्ती. १०:५८ ला बदल रद्द करून जुनी आवृत्ती आणली. रविवारी सकाळी ६:३० ला तीन सेकंदांची मर्यादा लावून बदल पुन्हा केला; तिसऱ्या प्रयत्नात तो झाला. त्याआधी रात्री ११:४० ला आपल्याला मेसेज केला होता, पण उत्तराची वाट न पाहता पुढे गेलो. पुढे अशा वेळी आपला होकार हवा की नाही, ते आपण सांगाल तसं ठरवू.
>
> यापुढे. रिपोर्टिंग खात्यावर दहा मिनिटं निष्क्रिय राहिलेला व्यवहार आपोआप बंद होईल. ही मर्यादा आजपासून लागू करत आहोत, विश्लेषकांना कृपया कळवावं. टेबल बदलणारी प्रत्येक आज्ञा तीन सेकंदांत जागा मिळाली नाही तर माघार घेईल. हे शुक्रवारपर्यंत आमच्या डिप्लॉयमेंट साधनातच बसवतो. पुढच्या डिप्लॉयमेंटच्या आधी चाचणी प्रणालीवर मुद्दाम एक सत्र उघडं ठेवून तालीम करू आणि तिचा निकाल आपल्याला पाठवू.

जुना_डीबीए
चांगलं झालंय. खात्याची मर्यादा अशी लावा, आणि लक्षात ठेवा, ती नव्या सेशनलाच लागते. आत्ता उघडी असलेली सेशन एकदा बंद करावी लागतील.

```sql
ALTER ROLE report_ro
  SET idle_in_transaction_session_timeout = '10min';
```

एक शंका. तीन सेकंदांच्या प्रत्येक प्रयत्नात मागची रांगही तीन सेकंद थांबते. क्लायंटने विचारलं तर तयार राहा. बदल होईलच, अशी खात्री `lock_timeout` देत नाही. तो फक्त अडकून राहू देत नाही. प्रयत्नांमध्ये थोडं अंतर ठेवा.

ओंकार_७
‘चुकीच्या दिशेने शोधत होतो’ हे वाक्य मी तरी काढलं असतं.

वैदेही_प्रोजेक्ट
मी ठेवलं असतं. ४४ मिनिटं का लागली, हा मी पहिला प्रश्न विचारते.

मेघना_र
ठेवलं. मेल सकाळी ९:१० ला गेला. दुपारी त्यांचा फोन आला. २४ पैकी १९ ग्राहकांना माल हवाच आहे, तिघांनी रद्द केला, दोघं अजून फोन उचलत नाहीत. रवाना झालेल्या दोन ऑर्डरींच्या परतीचा खर्च कुणी द्यायचा, यावर गुरुवारी बैठक आहे.